चारशे सात क्रमांकाचे कोडे

गेल्या वर्षी मे महिन्यात मावशीकडे गेले, तेव्हा माझ्या मावसभावाने जेवणाच्या टेबलावर तीन वस्तू आणून ठेवल्या : आइस्क्रीमचा डबा, चॉकलेटच्या स्वादाच्या दुधाची बाटली आणि जेलीचे पाकीट. सोबत भिंगही होते. "हे बघ ताई, तिन्हींवर ४०७ आहे. ह्याने आतड्याला सूज येते, असं वाचलंय मी. आणि आईला आम्ही रोज हेच देतोय." त्याच्या आवाजात अपराधीपणा होता.

मावशीचे वय ७२. गेली नऊ वर्षे तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराचा वारंवार दाह होऊन त्यावर व्रण पडावेत, असा हा आजार. मेसालामाइनच्या गोळ्यांवर तो चार वर्षे शांत होता. त्या महिन्यात मात्र दिवसातून पाच-सहा वेळा पातळ शौचास होऊ लागले आणि एक-दोनदा त्यात रक्ताचा अंशही दिसला. तोंडाला चव नाही म्हणून घरच्यांनी मायेने जे गार, मऊ आणि गोड देता येईल ते सुरू केले होते. सकाळी स्वादाचे दूध, दुपारी वाटीभर जेली आणि रात्री आइस्क्रीम. मी आयुष्यभर आहारशास्त्र शिकवले, त्यामुळे माझ्याकडून हो किंवा नाही असे एका शब्दातले उत्तर अपेक्षित होते. ते तसे देता येत नाही. का देता येत नाही, हे त्या दिवशी मी त्यांना जसे समजावले, तसेच येथे सांगते.

वेष्टनावरील ४०७ हा आकडा म्हणजे कॅरेजिनन. आपल्याकडे अन्नपदार्थात मिसळलेल्या अशा द्रव्याचे नाव तरी छापावे लागते किंवा त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. क्रमांकाला जागा कमी लागते, म्हणून बहुधा तोच छापलेला असतो. कॅरेजिनन तांबड्या समुद्रशैवालांपासून काढतात. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे लोक असे शैवाल वाळवून दुधात उकळत आणि थंड झाल्यावर घट्ट झालेले ते दूध खोकल्यावर देत. आज कारखान्यांना लागणारे बरेचसे शैवाल उष्ण समुद्रात दोरांवर वाढवले जाते. तमिळनाडूतील रामनाथपुरमच्या किनाऱ्यावरही त्याची लागवड होते.

त्याचे काम पाहायचे असेल तर घरी दुधात कोको कालवून पेला दोन तास तसाच ठेवावा. कोको तळाशी बसतो. बाजारच्या बाटलीत तो महिनोन्‌महिने बसत नाही, कारण कॅरेजिननचे लांब धागे दुधातील केसीन या प्रथिनाशी जोडले जाऊन सबंध दुधात एक अदृश्य जाळे विणतात. कोकोचे कण त्या जाळ्यात अडकून राहतात. यासाठी लागणारी मात्रा फार थोडी, म्हणजे शंभर ग्रॅम दुधाला पंचवीस-तीस मिलिग्रॅम एवढीच. आइस्क्रीममध्ये तर त्याहूनही कमी. पाण्याची जेली घट्ट करायची असेल तर मात्र शंभर ग्रॅमला अर्धा ते एक ग्रॅम कॅरेजिनन लागते. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्यावरच बरेच अवलंबून आहे.

कॅरेजिननची बदनामी एका प्रयोगातून सुरू झाली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९६२ साली दाहशामक औषधे पारखण्यासाठी एक सोपी पद्धत प्रसिद्ध झाली. उंदराच्या पंजात कॅरेजिननचे द्रावण टोचायचे. काही तासांत पंजा सुजतो. आधी औषध दिलेल्या उंदराचा पंजा किती कमी सुजला, हे मोजायचे आणि त्यावरून औषधाचा गुण ठरवायचा. सांधेदुखीवरील किती तरी गोळ्या या परीक्षेतून गेल्या आहेत. म्हणजे दाह निर्माण करण्यासाठी प्रयोगशाळेत मुद्दाम वापरतात, तेच द्रव्य आपण खातो, असा निष्कर्ष कोणीही काढील. पण त्वचेखाली टोचणे आणि गिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंजात दूध टोचले तरी शरीर ते निमूटपणे स्वीकारणार नाही. टोचण्याच्या प्रयोगावरून खाण्याचा निवाडा करू नये, इतके मात्र निश्चित.

मग १९६९ मध्ये गिनीपिगांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पिण्याच्या पाण्यातून कॅरेजिनन दिलेल्या प्राण्यांच्या मोठ्या आतड्यात व्रण पडले, आणि ते माणसाच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसशी बरेच मिळतेजुळते होते. हा पुरावा गंभीर होता. परंतु त्यात वापरलेले द्रव्य बहुतांशी 'विघटित' कॅरेजिनन होते. तीव्र आम्लात, उकळत्या पाण्याच्या जवळपास जाणाऱ्या तापमानाला काही तास ठेवून त्याचे लांब धागे तोडून टाकलेले असतात. अन्नातले धागे दहा-वीस पटींनी मोठे असतात. विघटित प्रकाराला आज पॉलिजीनन हे निराळे नाव आहे आणि अन्नात तो वापरायला परवानगी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही १९८३ मध्ये या दोहोंचा निवाडा वेगवेगळा केला. विघटित प्रकार माणसात कर्करोगजनक असू शकतो, तर अन्नातल्या प्रकाराविषयी तसे ठरवण्याजोगा पुरावा नाही, असा तो निवाडा होता.

येथेच वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण एक प्रश्न शिल्लक राहिला : लांब धागे आपल्या पोटात तुटत नाहीत कशावरून? जठरातही आम्ल असतेच. उद्योगाची बाजू अशी की, जठराचे तापमान ३७ अंश, अन्न तिथे थोडाच वेळ थांबते आणि कॅरेजिनन प्रथिनांना चिकटलेले असल्याने आम्लाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. टीकाकारांची बाजू अशी की, थोडेफार धागे तुटतातच आणि विक्रीच्या मालातही तुटक्या धाग्यांचा काही अंश असतो. युरोपीय नियमानुसार हा अंश ५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, पण तो अचूक मोजणे सोपे नाही. अमेरिकेतील डॉ. जोआन टोबॅकमन यांनी २००१ मध्ये आधीच्या सर्व प्रयोगांचा आढावा घेऊन हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला. आतड्याच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यावर अन्नातले कॅरेजिनन घातले, तर जंतू आल्यासारखी धोक्याची घंटा पेशींमध्ये वाजते, असे त्यांच्या गटाने दाखवले. उद्योगाच्या पैशातून झालेल्या अशाच प्रयोगांत ती घंटा वाजली नाही. माझे मत विचाराल तर बशीतल्या पेशींवरून दोन्ही बाजूंनी जरा जास्तच बोलले गेले. बशीतल्या पेशींवर ना श्लेष्माचे आवरण असते, ना अन्न, ना जंतूंची वस्ती.

माणसांवरचा पुरावा हवा होता. तो २०१७ मध्ये, टोबॅकमन यांच्याच गटाकडून, अगदी छोट्या स्वरूपात आला. हा प्रयोग मावशीसारख्यांवरच झाला, म्हणून तो थोडा सविस्तर सांगते. अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत असलेले बारा रुग्ण. सर्वांना कॅरेजिनन अजिबात नसलेला आहार शिकवला गेला. मग चिठ्ठ्या टाकून काहींना रोज एकूण २०० मिलिग्रॅम कॅरेजिननच्या कॅप्सूल दिल्या, तर उरलेल्यांना दिसायला तशाच, पण निरुपद्रवी. कोणाला काय मिळते, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. आजार उलटेपर्यंत किंवा वर्ष संपेपर्यंत पाहायचे ठरले. कॅरेजिनन घेणाऱ्यांपैकी तिघांचा आजार उलटला. दुसऱ्या गटात एकाचाही नाही.

बारा माणसे म्हणजे फारच थोडी. तिघांऐवजी एकाचा आजार उलटला असता, तर सारे चित्र पालटले असते. शिवाय अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आपसूकही उलटणारा आजार आहे. म्हणून या प्रयोगाने काही सिद्ध झाले असे कोणी म्हणू नये. तरीही मला त्यातला २०० मिलिग्रॅम हा आकडा विसरता येत नाही. २०१८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने कॅरेजिननची दैनंदिन मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ७५ मिलिग्रॅम ठेवली. पुरेशी माहिती नसल्याने ती तात्पुरती आहे, असे सांगून पाच वर्षांत नवी माहिती मागवली. पन्नास किलो वजनाच्या मावशीला ही मर्यादा दिवसाला ३,७५० मिलिग्रॅम पडते. एका कागदावर पावणेचार ग्रॅम चालतील म्हणून लिहिलेले आणि दुसऱ्या कागदावर त्याच्या अठराव्या-एकोणिसाव्या हिश्शाने तिघे आजारी पडलेले. पहिला कागद निरोगी लोकांचा विचार करून लिहिला आहे, दुसरा रुग्णांवरून. शास्त्रज्ञांची भांडणे पुष्कळदा अशी असतात. दोघेही आपापल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर देत असतात, फक्त प्रश्न वेगळे असतात.

येथवर केवळ कॅरेजिननविषयी सांगितले. वेष्टनावर मात्र त्याच्या आजूबाजूला आणखी क्रमांक असतात. ४१२ म्हणजे गवार गम, ४१५ म्हणजे झॅन्थन गम, ४६६ म्हणजे कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज, ४३३ म्हणजे पॉलिसॉर्बेट ८०. यातले काही पदार्थाला घट्टपणा देतात, तर काही तेल आणि पाणी एकजीव ठेवतात. तेल-पाणी एकजीव ठेवणाऱ्यांना इमल्सिफायर किंवा पायसीकारक म्हणतात. गेल्या दहा वर्षांत या वादाचे केंद्र पेशींवरून सरकून एका वेगळ्याच जागी आले आहे, ती जागा म्हणजे आतड्याच्या भिंतीवरचा श्लेष्माचा थर.

मातीच्या भिंतीवर सारवण असते, तसा हा थर समजावा. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर असतात. बाहेरचा सैल पदर जंतूंची वस्ती मानवतो. आतला दाट पदर निरोगी माणसात जवळजवळ जंतुरहित असतो. अब्जावधी जंतू आणि आतड्याची भिंत यांच्यामध्ये अंतर राखण्याचे काम तोच करतो. सारवण झिजले की भिंतीला ओल लागते. तद्वतच हा पदर पातळ झाला आणि जंतू भिंतीला भिडले, तर शरीर दाहाने उत्तर देते.

२०१५ मध्ये बेनोआ शासाँ आणि अँड्र्यू गेविर्ट्‌झ यांच्या गटाने उंदरांना बारा आठवडे ४६६ आणि ४३३ यांपैकी एकेक द्रव्य पाण्यातून दिले. शंभर भाग पाण्यात एक भाग, असे ते प्रमाण होते. जंतू भिंतीच्या जवळ सरकले, आतड्यात सौम्य दाह दिसला, उंदीर लठ्ठ झाले आणि त्यांची साखर वाढली. मुळातच दाहाकडे कल असलेल्या उंदरांत कोलायटिसचे प्रमाण व तीव्रताही वाढली. सर्वांत बोलका भाग पुढचा आहे. ज्या उंदरांच्या आतड्यात जन्मापासून एकही जंतू नव्हता, त्यांच्यावर या द्रव्यांचा तसा परिणाम झाला नाही. म्हणजे ही द्रव्ये भिंतीला थेट इजा करत नाहीत, तर ती जंतूंची वस्ती बिघडवतात आणि बिघडलेली वस्ती भिंतीवर चाल करून जाते. प्रत्येकाच्या पोटातली जंतूंची वस्ती वेगळी असते. तेच आइस्क्रीम एकाला सोसते आणि दुसऱ्याला नाही, याचे एक संभाव्य कारण येथे सापडते.

उंदराला दिलेली मात्रा मात्र मोठी होती. म्हणून त्याच संशोधकांनी पुढे माणसांवर प्रयोग करून २०२२ मध्ये तो प्रसिद्ध केला. सोळा निरोगी स्वयंसेवकांना निवासात ठेवून सर्व जेवण तोलूनमापून दिले. त्यांतल्या सात जणांच्या अन्नात अकरा दिवस रोज १५ ग्रॅम ४६६ मिसळले, जे नेहमीच्या आहारात क्वचितच पोटात जाईल. त्यांना जेवणानंतर पोटात थोडी अस्वस्थता जाणवली, आतड्यातील जंतूंचे वैविध्य घटले आणि जंतूंकडून बनणारी उपयुक्त आम्ले कमी झाली. दाहाची लक्षणे कोणातही आढळली नाहीत. पण सातांपैकी दोघांत जंतू भिंतीच्या जवळ सरकलेले दिसले, अगदी उंदरांत दिसले तसेच. इतर पाच जणांत नाही.

आता रुग्णांकडे वळू. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी क्रोन्स या दाहाच्या आजाराच्या १५४ रुग्णांना आठ आठवडे पायसीकारके टाळणारा आहार शिकवला. सोबत काही तयार पदार्थही पुरवले. निम्म्यांच्या पदार्थांत पायसीकारके होती, निम्म्यांच्या नव्हती, आणि खाणाऱ्याला ते कळत नव्हते. २०२५ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की, पायसीकारके टाळणाऱ्यांपैकी सुमारे ४९ टक्के रुग्णांचा आजार ठळकपणे कमी झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. आजवरच्या पुराव्यांत मला हाच सर्वांत वजनदार वाटतो. परंतु त्यातही ते ३१ टक्के नजरेआड करू नयेत. पायसीकारके पोटात जात असतानाही जवळजवळ एक तृतीयांश रुग्ण सुधारले.

विरुद्ध बाजूचे एक उदाहरण तर डॉक्टरांना रोज दिसते. क्रोन्स झालेल्या मुलांना काही आठवडे केवळ डबाबंद द्रव आहारावर ठेवले, तर पुष्कळांचा दाह शमतो. हा मान्यताप्राप्त उपचार आहे. आणि त्यातल्या बऱ्याच द्रव आहारांत हीच पायसीकारके असतात, काहींत तर कॅरेजिननही. ही द्रव्ये सर्वांसाठी सदैव विषासमान असती, तर असे घडले नसते.

निरोगी माणसाचे काय, असे पुढे विचारले जाते. जर्मनीतील ट्युबिंगेन येथे वीस निरोगी तरुणांना दोन आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम कॅरेजिनन दिले, तेव्हा आतड्याच्या भिंतीतून झिरपण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. ज्यांचे वजन अधिक होते, त्यांच्या शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमताही काहीशी घटली. फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक लोकांच्या आहाराच्या नोंदींतून कॅरेजिनन आणि मधुमेह यांत किंचितसा संबंध दिसला. पण असे अन्न अधिक खाणारी माणसे इतर बाबतींतही वेगळी असतात, हे अशा नोंदींतून पूर्णपणे वजा करता येत नाही.

एवढे ऐकल्यावर मावशीने विचारले, "अगं, मग डिंकाचे लाडूही बंद का? तोही गमच की." प्रश्न रास्त होता. गम हे नाव एक असले तरी कुळे निराळी आहेत. कॅरेजिननच्या धाग्यांवर गंधकयुक्त सल्फेटचे बरेच गट लटकलेले असतात, आणि संशयाचा रोख मुख्यतः त्यांच्यावर आहे. बाभळीच्या कुळातील खाण्याच्या डिंकात ते नसतात. तो डिंक आतड्यातील जंतू हळूहळू पचवतात. इसबगोलही बुळबुळीत होतो, पण ते तंतुमय अन्न आहे. चायना ग्रास तर कॅरेजिननप्रमाणे समुद्रशैवालातूनच निघते, तरी त्यात सल्फेट फार थोडे असते आणि या वादात ते ओढले गेलेले नाही.

आणखी दोन ठिकाणी सावध करायला हवे, कारण अर्धवट वाचनातून येथे खरोखर अपाय होऊ शकतो. पक्षाघातानंतर ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांच्यासाठी पाणी किंवा चहा घट्ट करण्याची पूड देतात. तीत पुष्कळदा झॅन्थन गम असतो. ही पूड क्रमांक पाहून घरच्या घरी बंद करू नये. पातळ पाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हा निश्चित धोका आहे, तर गमचा धोका या बाबतीत केवळ तर्काचा. कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांतही ४६६ चेच द्रव्य असते. तेही घाबरून टाकून देऊ नयेत. वाद आतड्यातल्या जंतूंचा आहे, डोळ्यांचा नाही.

आता मावशीच्या टेबलावरच्या तीन वस्तू. वेष्टनावर कॅरेजिननचे प्रमाण कधीच छापलेले नसते, तेव्हा अंदाजच करावा लागतो. स्वादाच्या दुधाच्या २०० मिलिलिटरच्या बाटलीत ५०-६० मिलिग्रॅम. आइस्क्रीमच्या लहान कपात दहा-बारा मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम जेलीच्या वाटीत किमान ५०० मिलिग्रॅम. तिन्हींवर क्रमांक एकच, पण एकट्या जेलीतून जाणारी मात्रा त्या बारा रुग्णांच्या प्रयोगातील मात्रेच्या अडीचपट होती. मावसभावाचा सारा राग आइस्क्रीमवर होता. जेली पाण्याची, हलकी, म्हणून तिच्यावर कोणाचाच संशय नव्हता.

त्याच दिवशी मावशीला तिच्या डॉक्टरांकडे नेले. शौचात रक्त दिसत असताना आधी खाण्याचे प्रयोग करत बसू नये, ही माझी अट होती. डॉक्टरांनी शौचाची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली. दाह मोजणारी कॅल्प्रोटेक्टिन ही चाचणी केली. सर्वसाधारणपणे तिचा आकडा पन्नासच्या आत असावा, तो ६४० निघाला. मग त्यांनी विचारले, "नवीन कोणतं औषध सुरू केलंय?" मावशी काही बोलेना. वहिनीने पर्स उघडली. दीड महिन्यापासून गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची पट्टी तीत होती. अशा वेदनाशामक गोळ्यांनी हा आजार उलटू शकतो, हे डॉक्टरांना नवे नव्हते. ज्या जातीच्या गोळ्यांची पारख उंदराच्या पंजात कॅरेजिनन टोचून झाली, त्याच जातीची गोळी ही. भिंग घेऊन आम्ही वेष्टने वाचत होतो आणि गोळ्या पर्समध्ये होत्या.

डायक्लोफिनॅक बंद झाले. मेसालामाइनची मात्रा वाढवली गेली. जेली आणि स्वादाचे दूधही त्याच दिवशी थांबले. सहा आठवड्यांत शौच दिवसातून दोनदा होऊ लागले, रक्त थांबले, आकडा १२० वर उतरला. घरात सगळे म्हणू लागले की ४०७ बंद केल्याचा हा गुण. मी म्हणाले की, तीन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या, आता कोणाचा गुण हे देवालाच ठाऊक. माझा कौल गोळीकडे आहे. पण जेलीला मी निर्दोष म्हणणार नाही.

सहा महिने आजार शांत राहिल्यावर मावशीने आइस्क्रीम मागितले. डॉक्टरांच्या संमतीने आम्ही एकच गोष्ट बदलली : दर रविवारी एक लहान कप, सलग सहा आठवडे. बाकी आहार आणि औषधे होती तशीच. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वहिनी रोज शौचाची संख्या लिहीत असे. आरंभी कॅल्प्रोटेक्टिन ९०, शेवटी १०५. या चाचणीत एवढा चढउतार एरवीही होतो. आठवड्याला दहा-बारा मिलिग्रॅम तिला सोसले, इतकेच त्यावरून म्हणता येते. रोजच्या वाटीभर जेलीविषयी त्यावरून काहीच कळत नाही, आणि ते कळून घेण्यासाठी मावशीला पणाला लावावे असे आम्हा कोणालाच वाटले नाही.

जेली पुन्हा घरात आली नाही. वहिनी चायना ग्रास भिजवून, पाण्यात विरघळवून, दुधात घालते आणि वर आंब्याच्या फोडी मांडते. मावशीची तक्रार आहे की ते बाजारच्या जेलीसारखे थरथरत नाही.